‘असणारच’ आणि ‘होता’ यातला फरक : साक्षीदाराचा जबाब पायरी-पायरीनं कसा तपासायचा

फॉरेन्सिक सायकॉलॉजीच्या मॉड्यूलमध्ये आयविटनेस टेस्टिमनीचा टॉपिक आला की सगळेजण लॉफ्टस आणि पामरचा १९७४ चा प्रयोग पाठ करतात, आकडे लिहितात आणि पुढं जातात. पण प्रॅक्टिकलमध्ये तोच विद्यार्थी एखादा जबाब हातात आला की अडकतो, कारण आपल्याकडचा साक्षीदार मराठीत बोलतो, विचारणारा मराठीत विचारतो, आणि सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर पोटात घेऊनच येणारा प्रश्न, मराठीत कसा दिसतो हे कुठल्या इंग्रजी पुस्तकात नसतं. म्हणून मी इथं एकच काम नीट दाखवतोय : एक जबाब घ्यायचा आणि त्यातलं काय साक्षीदारानं पाहिलं, काय त्यानं नंतर जुळवलं आणि काय त्याच्या डोक्यात प्रश्नानं घातलं हे वेगळं काढायचं.

खालची केस मी सरावासाठी तयार केलीय, खरी नाही. जागा मात्र नाशिककरांच्या डोळ्यासमोर येईल अशी घेतलीय.

पंचवटीत पेठ फाट्याजवळ संध्याकाळी सात-सव्वासातला एक माल भरलेला पिकअप आणि एक स्कूटी यांचा अपघात झाला. स्कूटीवरची मुलगी जखमी. साक्षीदार म्हणजे रोडच्या कडेला टपरी असलेले चहावाले काका, साधारण वीस मीटरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याशी झालेलं बोलणं असं :

प्र. १ – काका, काल काय झालं?
उ. – मी चहा गाळत होतो साहेब, धाडकन आवाज आला, वळून बघतो तर स्कूटी आडवी पडलेली, पोरगी रोडवर बसलेली, पिकअप पुढं जाऊन थांबलेला.
प्र. २ – पिकअपनं स्कूटीला उडवलं तेव्हा तो किती स्पीडला होता?
उ. – स्पीडला असणारच ना साहेब, आवाजच तेवढा आला. साठ-सत्तर तरी असेल.
प्र. ३ – ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता ना?
उ. – हां, लोक म्हणत होते तसं.
प्र. ४ – तो मोबाईल कानाला होता की हातात?
उ. – हातात. हातातच होता.
प्र. ५ – मग उतरून तो कुठं पळाला?
उ. – मार्केटच्या बाजूला गेला.

आणि कागदावर उतरलेला जबाब : ‘पिकअपचा चालक हातात मोबाईल धरून बोलत ६० ते ७० च्या भरधाव वेगात आला व त्याने स्कूटीस जोराची धडक दिली व तो मार्केटच्या दिशेने पळून गेला.’

हा कागद वाचला तर वाटतं काय पक्का साक्षीदार आहे. आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १ : कागद बाजूला ठेवा, आधी तोंडचे शब्द मिळवा

कागदावरचा जबाब हे साक्षीदाराचं बोलणं नसतं, ते लिहिणाऱ्यानं केलेलं रूपांतर असतं. ‘भरधाव वेगात’ हे काकांच्या तोंडात कुठंच नाही, ते पोलिसी मराठीतलं ठरलेलं वाक्य आहे आणि कायद्यातल्या बेदरकार ड्रायव्हिंगच्या भाषेतून आलंय. लिहिणारा मुद्दाम काही करतो असं नाही, त्याला सवय असते. पण नंतर तोच कागद काकांना वाचून दाखवला की ‘भरधाव’ हा शब्द त्यांच्या आठवणीशेजारी जाऊन बसतो आणि सहा महिन्यांनी कोर्टात ते स्वतःच भरधाव म्हणतात. म्हणून ऑडिओ किंवा व्हिडिओ रेकॉर्डिंग असेल तर ते आधी मागा, नसेल तर विचारणाऱ्याच्या कच्च्या नोट्स मागा. फक्त शेवटचा टाइप केलेला कागद असेल तर तुमच्या रिपोर्टच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की प्रश्न उपलब्ध नाहीत, त्यामुळे कुठला तपशील कुठून आला हे सांगता येत नाही. प्रश्न माहीत नसताना उत्तरावर मत देणं हीच या विषयातली सगळ्यात कॉमन चूक आहे.

पायरी २ : साक्षीदाराची नजर नेमकी कुठं होती ते शोधा

इथं घाई करू नका, कारण बहुतेक वेळा सगळी केस इथंच उलगडते. पहिलं उत्तर परत वाचा. ‘चहा गाळत होतो, आवाज आला, वळून बघतो तर’. म्हणजे धडक झाली तेव्हा काकांची नजर पातेल्यावर होती. त्यांनी धडक पाहिलेली नाही! त्यांनी पाहिलं ते धडकेनंतरचं चित्र : आडवी स्कूटी, बसलेली पोरगी, पुढं जाऊन थांबलेला पिकअप. धडकेचा त्यांच्याकडे असलेला एकमेव थेट पुरावा म्हणजे आवाज.

मी विद्यार्थ्यांना सांगतो की पहिल्या मोकळ्या उत्तराखाली एक रेघ मारा आणि त्या रेघेच्या वर तीन रकाने करा : पाहिलं, ऐकलं, लोकांकडून कळलं. काकांच्या बाबतीत पाहिलंमध्ये तीन गोष्टी, ऐकलंमध्ये एक, आणि तिसरा रकाना अजून रिकामा. रेघेच्या खाली जे जे येणार ते सगळं प्रश्न सुरू झाल्यानंतरचं, त्याकडे वेगळ्या नजरेनं बघायचं.

मग काकांनी साठ-सत्तर कुठून आणलं? इथं रिकन्स्ट्रक्टिव्ह मेमरी कामाला येते. बार्टलेटनं १९३२ मध्ये हेच मांडलं होतं, की आठवणं म्हणजे साठवलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणं नाही, माणूस उरलेल्या तुकड्यांना आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून गोष्ट परत रचतो. केंब्रिजच्या वाचकांना त्यानं उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली, आणि परत सांगताना त्यांनी ती आखूड केली, अनोळखी तपशील गाळले, काही ठिकाणी कथेतल्या कनूची चक्क साधी ओळखीची बोट करून टाकली. काकांच्या डोक्यातला साचा असा आहे : मोठा आवाज म्हणजे जोराची धडक, जोराची धडक म्हणजे जास्त स्पीड, आणि माल भरलेला पिकअप म्हणजे घाईतला ड्रायव्हर. यात ते खोटं बोलत नाहीयेत. मधली जागा रिकामी होती, ती डोक्यानं भरली.

आणि मराठी भाषा आपल्याला इथं फार मदत करते. ‘स्पीडला असणारच’, ‘असेल’, ‘असावा’, ‘झालं असणार’ ही रूपं माणूस तेव्हा वापरतो जेव्हा तो अंदाज करतोय. पाहिलेल्या गोष्टीला तो ‘होता’, ‘पडलेली’, ‘थांबलेला’ म्हणतो. काकांनी दोन्ही प्रकार अगदी स्वच्छ वेगळे ठेवले होते, कागदानं दोन्हीचं ‘होता’ करून टाकलं. म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येक ‘असणार’ आणि ‘असेल’खाली रेघ मारा. फक्त एक सांभाळा, उलटं खरं मानू नका. ‘होता’ म्हटलं म्हणजे पाहिलंच असं नाही, प्र. ४ चं उत्तर बघाल तर कळेल.

पायरी ३ : प्रत्येक प्रश्नाला विचारा, ‘हा प्रश्न अर्थपूर्ण असायला आधी काय खरं असावं लागतं?’

सूचक प्रश्न म्हणजे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येणारा प्रश्न नाही. ‘तुम्ही मागे वळलात का?’ हा हो-नाहीचा प्रश्न आहे पण त्यातून फारसं काही सुचवलं जात नाही. आणि ‘तो कुठं पळाला?’ याचं उत्तर हो-नाही नाही तरी तो पूर्ण सूचक आहे. ओळखायची खूण म्हणजे प्रश्नाच्या पोटात लपलेलं गृहीत.

प्र. २ घ्या. ‘उडवलं’ या एका शब्दात तीन गृहीतं आहेत : स्पीड जास्त होता, करणारा पिकअप आहे, आणि स्कूटीची काही चूक नाही. हाच प्रश्न ‘दोघांची टक्कर झाली तेव्हा’ असा विचारला असता तर दोष कुणाच्याच माथी आला नसता, आणि ‘स्कूटी पिकअपला धडकली’ म्हटलं असतं तर दोष पलीकडं गेला असता. उडवलं, ठोकलं, आदळली, धडकली, घासली, लागली ही मराठीतली उतरंड आहे आणि लॉफ्टस-पामरच्या पहिल्या प्रयोगात नेमकं हेच होतं. ४५ विद्यार्थ्यांना अपघातांच्या ७ फिल्म दाखवल्या, पाच गटांना एकच प्रश्न विचारला, फक्त क्रियापद बदललं. ‘स्मॅश्ड’ वाल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या थोडा वर गेला, ‘कॉन्टॅक्टेड’ वाल्यांचा ३२ च्या आत राहिला. फिल्म त्याच.

प्र. ३ मध्ये तो छोटासा ‘ना’ बघा. मराठीत ‘बोलत होता का?’ आणि ‘बोलत होता ना?’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘का’ विचारतो, ‘ना’ होकार मागतो. समोर साहेब असतील आणि उत्तर देणारा टपरीवाला असेल तर त्या ‘ना’ला नाही म्हणणं सोपं नसतं. तरी काका प्रामाणिक राहिले, ‘लोक म्हणत होते तसं’ असं म्हणाले, म्हणजे स्रोत सांगितला. हे उत्तर सोन्यासारखं होतं आणि विचारणाऱ्यानं ते सोडून दिलं.

प्र. ४ आणि ५ मध्ये ‘तो’. इंग्रजीत लॉफ्टस आणि झॅनी यांनी १९७५ मध्ये दाखवलं की फुटलेल्या हेडलाइटबद्दल विचारताना ‘ए’ ऐवजी ‘द’ वापरला तर न दिसलेला हेडलाइट ‘पाहिला’ म्हणणारे वाढतात. मराठीत ‘द’ नाही, पण ‘तो’ आहे. ‘काही मोबाईल वगैरे दिसला का?’ आणि ‘तो मोबाईल कानाला होता की हातात?’ यातल्या दुसऱ्यात मोबाईल होता हे ठरूनच गेलंय, काकांनी फक्त दोनातलं एक निवडायचं. त्यांनी निवडलं आणि मग स्वतःच ठासून सांगितलं, ‘हातातच होता’. दोन मिनिटांपूर्वी जे लोकांचं बोलणं होतं ते आता त्यांचं पाहिलेलं झालं.

प्र. ५ मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी इंग्रजी पुस्तक तुम्हाला कधीच सांगणार नाही. मराठी क्रियापदाला लिंग असतं. ‘तो पळाला’ म्हटलं की पुरुष ठरला, एकटा ठरला आणि पळाला हेही ठरलं. चोरी किंवा हल्ल्याच्या केसमध्ये तर हे फारच धोक्याचं, कारण साक्षीदारानं चेहरा पाहिलेला नसतो आणि तुमच्या ‘पळाला’नं पळणारी व्यक्ती बाई असण्याची शक्यताच कापून टाकलेली असते. सुरक्षित रूप म्हणजे नपुंसकलिंगी : ‘त्यानंतर कोणी उतरलं का? उतरलं असेल तर पुढं काय केलं?’ काका ‘गेला’ म्हणाले, ‘पळाला’ म्हणाले नाहीत, हे पण नोंदवा. कागदावर मात्र ‘पळून गेला’.

पायरी ४ : तपशील पहिल्यांदा कुणाच्या तोंडातून आला?

आता कागदावरचा प्रत्येक तपशील घ्या आणि रेकॉर्डिंगमध्ये मागं मागं जा, तो शब्द पहिल्यांदा कोण बोललं ते शोधा. जोराची धडक : विचारणारा, ‘उडवलं’च्या रूपात. मोबाईल : विचारणारा. पळणं : विचारणारा. साठ-सत्तर : काका, पण सूचक प्रश्नानंतर आणि ‘असेल’ लावून. मार्केटची दिशा : काका, आणि ही एकच गोष्ट अशी आहे की ती प्रश्नात नव्हती. म्हणजे मोबाईल आणि पळण्यापेक्षा दिशेला वजन जास्त द्या, पण ती काकांनी स्वतः पाहिली का, हे अजून विचारलेलंच नाही.

पायरी ५ : मधल्या बारा तासांत काय काय कानावर पडलं?

अपघात सात-सव्वासातला, बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी. टपरी म्हणजे गप्पांची जागा, त्या रात्री तिथं आलेला प्रत्येक जण आपापली थिअरी सांगून गेला असणार, कुणीतरी फोटो ग्रुपवर टाकले असणार. गॅबर्ट, मेमन आणि अॅलन यांनी २००३ मध्ये एक छान प्रयोग केला होता, जोडीतल्या दोघांना एकाच घटनेचे वेगवेगळ्या कोनातून घेतलेले व्हिडिओ दाखवले, त्यांना वाटत होतं आपण सेमच बघितलं. मग एकमेकांशी चर्चा करू दिली. चर्चा केलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी नंतर निदान एक तरी अशी गोष्ट सांगितली जी फक्त जोडीदारालाच दिसली होती. इथं कुणी सूचक प्रश्न विचारला नव्हता, नुसत्या गप्पा होत्या.

म्हणून साक्षीदाराला विचारायलाच हवं : घटनेनंतर कुणाकुणाशी बोललात, काही व्हिडिओ किंवा फोटो बघितले का, कधी. आणि हे मोकळं उत्तर झाल्यावर विचारायचं, आधी नाही, नाहीतर माणूस आपल्या आठवणीवरच शंका घ्यायला लागतो आणि गप्प होतो.

पायरी ६ : किती म्हणायचं आणि कुठं थांबायचं

इथं विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात. प्रश्न सूचक होता म्हणून आठवण खोटी, असा निष्कर्ष लिहून मोकळे होतात. तसं नाही. लॉफ्टस-पामरचा दुसरा प्रयोग नीट वाचा. १५० विद्यार्थी, ५०-५० चे तीन गट, एकाला ‘स्मॅश्ड’ने विचारलं, एकाला ‘हिट’ने, तिसऱ्याला स्पीडबद्दल विचारलंच नाही. आठवड्यानं परत बोलावून इतर प्रश्नांत मिसळून विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. हो म्हणणारे : स्मॅश्ड गटात १६, हिट गटात ७, तिसऱ्या गटात ६. परिणाम स्पष्ट आहे, दुपटीहून जास्त. पण स्मॅश्ड गटातलेही ३४ जण बरोबर ‘नाही’च म्हणाले हे उत्तरपत्रिकेत कुणीच लिहीत नाही. आणि ज्या गटाला कुठलंच क्रियापद ऐकवलं नव्हतं त्यातही ६ जणांना काच दिसली, म्हणजे रिकाम्या जागा डोकं आपोआपही भरतं.

आणखी दोन मर्यादा माहीत असू द्या. मॅक्लॉस्की आणि झरागोझा यांनी १९८५ मध्ये विचारलं की खरी आठवण पुसली जाते की माणूस फक्त मिळालेली नवी माहिती स्वीकारतो, कारण उत्तर बदललं म्हणजे आठवण बदलली असं सिद्ध होत नाही. आणि यूल व कटशॉल यांनी १९८६ मध्ये कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी गाठलं, सूचक प्रश्नही घातले, आणि त्यांचे जबाब बऱ्यापैकी अचूक राहिले. फिल्म बघणारा विद्यार्थी आणि रोडवर प्रत्यक्ष उभा असलेला माणूस एक नाही. पण आपल्या काकांनी धडक पाहिलीच नव्हती, त्यामुळे या अभ्यासाचा आधार त्यांच्या स्पीडच्या अंदाजाला देता येत नाही.

तर रिपोर्टमध्ये वाक्य असं हवं : ‘स्कूटी, मुलगी आणि पिकअप यांच्या धडकेनंतरच्या स्थितीबद्दलचं वर्णन मोकळ्या उत्तरात, सूचनेविना आलं आहे. वेगाचा अंदाज आवाजावरून केलेला आहे आणि सूचक प्रश्नानंतर आला आहे. मोबाईलचा तपशील प्रश्नातून आला असून साक्षीदारानं सुरुवातीला त्याचा स्रोत इतर लोक असल्याचं सांगितलं होतं.’ मोबाईल खोटा असं लिहायचं नाही. ड्रायव्हर खरंच बोलत असेल, ते कॉल रेकॉर्ड सांगेल. आपण फक्त एवढंच सांगतो की काकांचा जबाब त्या गोष्टीचा स्वतंत्र पुरावा नाही.

आता हेच प्रश्न कसे विचारायला हवे होते

फिशर आणि गायझेलमन यांनी १९८० च्या दशकात कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू ही साक्षीदाराशी बोलायची पद्धत बांधली, त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते म्हणजे माणसाला त्या क्षणात परत नेणं. काकांच्या बाबतीत मी असं विचारीन : ‘काका, घाई नाही. काल आवाज यायच्या आधीचं आठवा. हातात काय होतं? कुठल्या बाजूला तोंड करून उभे होता? पुढं कोण गिऱ्हाईक होतं? आता तिथून पुढं जे आठवतं ते सगळं सांगा, बारीकसारीक पण. जे दिसलं नाही किंवा आठवत नाही ते तसंच सांगा, अंदाज करायची गरज नाही.’ आणि मग गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड असतं. ‘कल्पना करा’ असं मात्र कधीच म्हणू नका, ‘आठवा’ म्हणा, कल्पना करायला सांगितली की माणूस कल्पनाच करतो.

मोकळं उत्तर संपलं की त्यांचेच शब्द घेऊन पुढं जायचं. ‘तुम्ही म्हणालात पिकअप पुढं जाऊन थांबलेला, तो कुठं होता, टपरीपासून दाखवा.’ ‘वळून बघितलं तेव्हा पिकअप चालू होता की उभा?’ हा दोन पर्यायांचा प्रश्न आहे म्हणून शेवटाकडं ठेवा आणि सोबत ‘की लक्षात नाही’ हे जोडा. स्पीड विचारूच नका, त्यांनी पाहिला नाही. आवाजाबद्दल विचारा. आणि ‘लोक म्हणत होते’ आलं की तिथंच थांबून विचारा, ‘कोण म्हणत होतं? आणि तुम्ही स्वतः काय बघितलं?’

खात्री किती आहे हे पण त्याच बैठकीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये दाखवलं की चुकीच्या माणसाला ओळखल्यावर नुसतं ‘शाब्बास, तुम्ही बरोबर संशयित ओळखला’ एवढं सांगितलं तरी साक्षीदाराची खात्री वाढते, इतकंच नाही तर आपल्याला चेहरा नीट दिसला होता असंही त्याला वाटायला लागतं. म्हणून ओळख परेडनंतर कौतुक नको, चेहऱ्यावरचं हसू पण नको.

कोर्टाचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये सूचक प्रश्नांचे नियम आहेत : विरोधी पक्षानं हरकत घेतली तर सरतपासात, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचाच वकील विचारतो तेव्हा, ते कोर्टाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत, प्रास्ताविक आणि वादात नसलेल्या बाबींवर कोर्ट परवानगी देतं, आणि उलटतपासात ते विचारता येतात. विद्यार्थी यावरून समजतात की कायद्यानं प्रश्न सोडवला. पण हा नियम कोर्टात उभ्या असलेल्या साक्षीदारासाठी आहे. आपल्या काकांच्या आठवणीत मोबाईल शिरला तो टपरीवर, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सरतपासात वकिलानं कितीही स्वच्छ विचारलं, ‘काका, तुम्ही काय पाहिलं?’, तरी उत्तर येणार, ‘ड्रायव्हरच्या हातात मोबाईल होता.’ त्या उत्तरावर हरकत घ्यायला जागाच नाही, कारण प्रश्न सूचक नव्हता.